दर पावसाळ्यात ओसंडणारी पन्हळ: उतरत्या छपरासाठी पन्हळीची लांबी आणि उभ्या पाइपांची संख्या कशी ठरवावी

नागपुरात गच्चीवर रंगीत पत्र्याचे उतरते छप्पर घालण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. उन्हाळ्यात स्लॅब तापू नये आणि पावसाळ्यात तो झिरपू नये, या दोन्ही हेतूंसाठी ते उपयोगी पडते. मात्र त्याबरोबर एक तक्रारही दरवर्षी नेमाने येते. रिमझिम असो वा दिवसभराची संततधार असो, पन्हळ व्यवस्थित वाहते. पण जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या सायंकाळी दहा-पंधरा मिनिटांचा जोरदार पाऊस आला की ती काठोकाठ भरून ओसंडते, पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते आणि त्यावरून बोलाचाली होते. मग पन्हळ साफ केली जाते, सांधे सिलिकॉनने भरले जातात, कधी पन्हळच रुंद करून घेतली जाते. आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा घडते.

मानेवाडा भागातील एका परिचितांच्या घरी हे सलग तीन पावसाळे घडले. त्यांच्या छपराची मापे आणि त्यावरून केलेला हिशेब येथे पूर्ण देत आहे, कारण अशा बहुतेक छपरांचा दोष त्याच एका ठिकाणी सापडतो.

छपराची स्थिती

छप्पर दोन पाख्यांचे आहे. वळचणीची लांबी 14 मीटर, आढ्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे अंतर 5 मीटर आणि आढे वळचणीपेक्षा 1 मीटर उंच. प्रत्येक वळचणीला पत्रा वाकवून केलेली चौकोनी पन्हळ असून ती 150 मिमी रुंद आणि 100 मिमी खोल आहे. पूर्वी ती 125 मिमी रुंद होती. फॅब्रिकेटरच्या सल्ल्याने बदलून घेतली, तरी फरक पडला नाही. प्रत्येक पन्हळीला एकाच टोकाला 75 मिमीचा एक उभा पाइप आणि त्याच्या तोंडावर पाने अडवणारी जाळी होती. परिचितांचे म्हणणे असे होते की, "पन्हळ मी स्वतः शिडी लावून साफ केली आहे, नळीने पाणी सोडून पाहिले आहे, कुठेही तुंबत नाही." ते खरेच होते. परंतु घरातील नळीतून सेकंदाला जेमतेम पाव ते अर्धा लिटर पाणी येते आणि या पाख्यावरून जोराच्या पावसात किती पाणी येते, ते पाहिल्यावर नळीची चाचणी का फसवी ठरते हे लक्षात येईल.

पावसाचा कोणता आकडा घ्यायचा

येथेच पहिली चूक होते. वर्तमानपत्रात येणारा पावसाचा आकडा चोवीस तासांचा किंवा काही तासांचा असतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. शहराच्या दृष्टीने तो भीषण पाऊस होता. पण त्याची सरासरी काढली तर तासाला 25 मिमीच्या आसपास भरते आणि एवढ्या सरासरीला या घराची पन्हळसुद्धा ओसंडली नसती. तलावाला पाणी साठायला तास लागतात. पन्हळीचे तसे नाही. आढ्याजवळ पडलेला थेंब पाच मीटर उतरून साधारण मिनिटाभरात पन्हळीत येतो आणि आणखी मिनिटाभरात पाइपाच्या तोंडाशी पोचतो. त्यामुळे पन्हळीसाठी पाहायची असते ती काही मिनिटांतील पावसाची तीव्रता, म्हणजे तो जोर तासभर टिकला तर किती मिलिमीटर भरतील हा आकडा.

आपल्याकडे चोवीस तासांच्या पावसावरून कमी वेळेचा पाऊस काढण्यासाठी घनमुळाचे एक सूत्र वापरतात. ते असे:

```
P_t = P_24 × (t / 24)^(1/3)      (t तासांत)
```

नागपूरसाठी चोवीस तासांत 150 मिमी पाऊस धरला, तर या सूत्राने पंधरा मिनिटांत सुमारे 33 मिमी येतो, म्हणजे तासाला 131 मिमीची तीव्रता. दहा मिनिटांसाठी ती 172 मिमी येते. तासापेक्षा कमी वेळेसाठी हे सूत्र फार ताणू नये, म्हणून पाच मिनिटांचा आकडा मी त्यातून काढत नाही. घराबाहेर लटकणाऱ्या वळचणीच्या पन्हळीसाठी मी तासाला 150 मिमी धरतो. दोन पाख्यांच्या मधल्या दरीतील किंवा कठड्याच्या आतील पन्हळीला मात्र 200 मिमीपेक्षा कमी धरू नये आणि तिला स्वतंत्र सांडवाही द्यावा, कारण ती ओसंडली तर पाणी सरळ घरात उतरते. तो विषय वेगळा असल्याने येथे केवळ वळचणीच्या पन्हळीचाच विचार केला आहे.

शंका असेल त्यांनी सरळ भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवून जोराच्या पावसात दहा मिनिटांत किती मिलिमीटर पाणी साठते ते पट्टीने मोजावे आणि त्याला 6 ने गुणावे. दहा मिनिटांत 25 मिमी म्हणजे तासाला 150 मिमी.

छपरावरून येणारे पाणी

पत्र्याचे तिरके क्षेत्रफळ घेण्याचे कारण नाही. पाऊस सरळ पडत असता तर जमिनीवरचे आडवे क्षेत्रफळ पुरेसे होते. परंतु जोराच्या पावसाबरोबर वारा असतो आणि वाऱ्याकडे तोंड केलेले पाखे आपल्या वाट्यापेक्षा अधिक पाणी अडवते. म्हणून आडव्या अंतरात उंचीचा निम्मा भाग मिळवण्याची रीत आहे. येथे 5 मीटरमध्ये 1 मीटरचा निम्मा मिळवून 5.5 मीटर होतात आणि त्याला 14 ने गुणल्यावर एका पाख्याचे परिणामी क्षेत्र 77 चौरस मीटर येते. वारा एका वेळी एकाच बाजूने येत असला तरी तो कोणत्या बाजूने येईल हे ठरलेले नसल्याने दोन्ही पाख्यांना हाच हिशेब लावायचा. छपराला लागून जिन्याच्या खोलीची उंच भिंत असेल आणि तिच्यावरचे पाणी पत्र्यावर उतरत असेल, तर त्या भिंतीचे निम्मे क्षेत्रही मिळवावे. हे सहसा विसरले जाते.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. त्यामुळे पुढचे गणित सोपे आहे:

```
Q = A × i / 3600
Q = 77 × 150 / 3600 = 3.2 लिटर प्रतिसेकंद
```

वीस लिटरची बादली सहा सेकंदांत भरेल एवढे हे पाणी आहे. नळीच्या अर्ध्या लिटरशी त्याची तुलना केली म्हणजे ती चाचणी बाद का करायची ते कळते.

पाणी नेमके कुठे अडते

बहुतेकांची समजूत अशी असते की पाणी पाइपात मावत नाही. वस्तुतः उभ्या पाइपात पाणी वेगाने कोसळत असल्याने 75 मिमीचा पाइप एकदा पाणी आत शिरले की सेकंदाला पाच लिटरपर्यंत सहज वाहून नेतो. अडचण असते ती पाणी पाइपात शिरण्याची. पन्हळीच्या तळाला असलेल्या भोकातून किती पाणी खाली जाईल, हे त्या भोकावर उभ्या असलेल्या पाण्याच्या खोलीवर ठरते आणि पन्हळीत ती खोली काही सेंटिमीटरच असते. युरोपीय मानक 12056 च्या तिसऱ्या भागात यासाठी दोन सूत्रे दिली आहेत. त्यांत D हा तोंडाचा व्यास आणि h ही तोंडाशी असलेली पाण्याची खोली, दोन्ही मिलिमीटरमध्ये घ्यायची:

```
h ≤ D/2 :  Q = k × D × h^1.5 / 7500
h > D/2 :  Q = k × D² × h^0.5 / 15000
k = 1 (मोकळे तोंड),  k = 0.5 (तोंडावर जाळी)
```

जाळी लावली की तोंडाची क्षमता निम्मी होते, ही या सूत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि फॅब्रिकेटर मंडळी ती क्वचितच लक्षात घेतात.

आता खोलीचा दुसरा भाग. 100 मिमी खोल पन्हळीत वरचे 25 मिमी लाटा आणि उडणारे पाणी यांसाठी सोडावे लागतात. वापरण्याजोगे उरतात 75 मिमी. परंतु सपाट पन्हळीत पाण्याची पातळी सर्वत्र सारखी नसते. तोंडाकडे पाणी ओढले जाते, ते वेग घेते आणि तेथे पातळी खाली जाते. दूरच्या टोकाला ती सर्वांत उंच राहते. तोंड पाणी मुक्तपणे घेत असेल, तर घर्षण सोडून दूरच्या टोकाची खोली तोंडाजवळच्या खोलीच्या सुमारे 1.73 पट असते. म्हणजे दूर 75 मिमी हवे असतील तर तोंडाशी 43 मिमीच मिळतात.

या 43 मिमी खोलीला 75 मिमीचे जाळीदार तोंड सेकंदाला केवळ 1.2 लिटर पाणी घेते. येणारे पाणी आहे 3.2 लिटर. उलट हिशेब केला तर ही पन्हळ तासाला 57 मिमी तीव्रतेपर्यंत आरामात चालते, 80 च्या आसपास काठाशी येते आणि त्यापुढे ओसंडते. पूर्ण 3.2 लिटर पाणी त्या जाळीतून जायचे असेल, तर तोंडावर 290 मिमी पाणी उभे राहावे लागेल. पन्हळच मुळी 100 मिमी खोल आहे. सेकंदाला दोन लिटर पाणी साठत राहिले तर पन्हळीतील दीडशे लिटरची जागा सव्वा मिनिटात भरते. संततधारेत काही होत नाही आणि जोराच्या सरीत दोन मिनिटांत ओसंडते, या तक्रारीचा उलगडा येथेच होतो. पन्हळ रुंद केल्याने ही सव्वा मिनिटाची मुदत थोडी वाढली असेल, एवढेच. तोंड तेच राहिले होते.

परिचितांनी एकदा भर पावसात जाळी उचलून पाहिली होती आणि "पाणी लगेच उतरले, पण दुसऱ्या टोकाला सांडतच राहिले" असे ते सांगत होते. सूत्रही हेच सांगते. मोकळ्या तोंडाला 3.2 लिटरसाठी 73 मिमी खोली लागते. त्या स्थितीत दूरच्या टोकाला 81 मिमी होतात आणि चौदा मीटरच्या घर्षणाची भर पडून पाणी काठाला टेकते. पन्हळीची लांबी पाण्याच्या खोलीच्या पन्नास पटींहून अधिक झाली की तिची क्षमता कमी होऊ लागते. येथे ती सुमारे 190 पट आहे आणि तेवढ्या लांबीला साधारण पाचवा हिस्सा क्षमता निघून जाते. शिवाय बाजारात 75 मिमी म्हणून मिळणारे माप पाइपाच्या बाहेरचे असते, आतून तो त्याहून कमी भरतो.

आपल्या घरी कोणता दोष आहे हे ओळखण्यासाठी पाऊस सुरू असतानाच पाहावे. पन्हळ पूर्ण लांबीवर काठोकाठ भरली असेल आणि तोंडापाशीही पाणी उभे असेल, तर तोंड अपुरे आहे. तोंडाशी पाणी खळगा करून जोरात आत जात असेल आणि सांडणे केवळ दूरच्या टोकाला असेल, तर एका तोंडाकडे येणारी पन्हळीची लांबी जास्त आहे. पन्हळ अर्धी रिकामी असताना पाणी तिच्यावरून उडून पुढे पडत असेल, तर पत्रा पन्हळीत फार पुढे आलेला आहे. तेथे पाइप वाढवून काहीही होणार नाही.

लांबी आणि पाइपांची संख्या

उपाय एका वाक्यात सांगता येतो: तोंडांची संख्या वाढवावी आणि ती टोकांवर न ठेवता आत घ्यावीत. टोकाला ठेवलेल्या तोंडाकडे पाणी एकाच बाजूने येते. तेच तोंड मध्ये ठेवले तर दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे येते आणि पाण्याला कापावी लागणारी लांबी अर्धी होते. चौदा मीटरच्या पन्हळीला दोन तोंडे द्यायची असतील, तर ती दोन्ही टोकांपासून साडेतीन-साडेतीन मीटर आत यावीत. मग पाण्याचा कोणताही प्रवास साडेतीन मीटरपेक्षा अधिक राहत नाही आणि पन्हळीच्या त्या तुकड्यात सेकंदाला केवळ 0.8 लिटर वाहते.

प्रत्येक तोंडाला आता 1.6 लिटर पाणी आले. 75 मिमीच्या जाळीदार तोंडाला त्यासाठी 73 मिमी खोली लागते. कागदावर ते 75 च्या आत बसते, पण चार पाने अडकली की मर्यादा ओलांडली जाते, म्हणून ते स्वीकारू नये. 100 मिमीच्या जाळीदार तोंडाला मात्र 39 मिमी पुरतात आणि दूरच्या टोकाला जेमतेम 41 मिमी होतात. येथे एक काळजी घ्यावी लागते. पाइप चार इंची बसवतात, पण पन्हळीच्या तळाला भोक जुन्या साच्याने तीन इंचीच कापतात. हिशेबात भोकाचे माप धरायचे असते, पाइपाचे नव्हे.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या आवृत्तीतील तक्ता याहून सावध आहे. तासाला 150 मिमी तीव्रतेसाठी तो 100 मिमीच्या एका पाइपाला 28.5 चौरस मीटर छप्पर देतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.2 लिटर. आपल्या 77 चौरस मीटरला त्याने भागल्यास 2.7 येतात, अर्थात तीन पाइप. वरच्या सूत्रात जाळीदार तोंडावर 32 मिमी पाणी धरले की हाच आकडा मिळतो, त्यामुळे मला हा तक्ता अवास्तव वाटत नाही.

दोन की तीन, याचा निर्णय मी एका प्रश्नावर करतो: एक तोंड पूर्ण बंद झाले तर काय होईल? दोनपैकी एक बंद झाल्यास उरलेल्यावर 3.2 लिटर येतात, त्याला 93 मिमी खोली लागते आणि पन्हळ ओसंडते. तीनपैकी टोकाकडचे एक बंद झाल्यास मधल्याला 2.1 लिटर घ्यावे लागतात. त्याला 47 मिमी पुरतात आणि टोकाला पन्नासच्या थोडे वर जातात, म्हणजे पन्हळ वाचते. नागपुरात कडुनिंबाची झाडे घराघरांजवळ आहेत, उन्हाळ्यातील वादळी सरींत वाळलेला पाला पन्हळीत येऊन पडतो आणि कधी गाराही येतात. त्यामुळे एखादे तोंड बंद होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून शेजाऱ्याच्या बाजूला तीन पाइप घेतले, टोकांपासून 2.33 मीटरवर दोन आणि बरोबर मध्ये एक. स्वतःच्या अंगणाच्या बाजूला, जेथे क्वचित ओसंडले तरी कोणाचे नुकसान नाही, तेथे दोनच ठेवले. टोकाची जुनी भोके पट्टी लावून बंद केली.

पन्हळीला उतार वाढवून द्यावा असा आग्रह कामाच्या वेळी झाला होता. मीटरला 10 मिमी उतार दिला असता तर चौदा मीटरमध्ये पन्हळ 140 मिमी खाली गेली असती, म्हणजे तिच्या स्वतःच्या खोलीपेक्षा अधिक. खालच्या टोकाला पत्रा आणि पन्हळ यांत एवढी फट पडली असती की वाऱ्याने पाणी बाहेर गेले असते. तोंडे जवळ आल्यावर मीटरला 2 ते 3 मिमी उतार पुरतो आणि तोही पाणी साचून डास होऊ नयेत एवढ्यासाठीच. याउलट पन्हळीचा बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा 15 ते 20 मिमी खाली ठेवणे आवश्यक आहे, म्हणजे कधी ओसंडलेच तर पाणी भिंतीत न मुरता बाहेर पडते. वापरण्याजोगी खोली याच खालच्या काठापासून मोजावी.

पुढच्या पावसाळ्यात एका सायंकाळी डब्यात दहा मिनिटांत 22 मिमी पाणी साठले, म्हणजे तासाला 132 मिमीची तीव्रता. त्या सरीनंतर शेजाऱ्याच्या बाजूच्या पन्हळीत चिखलाची जी ओल उमटली होती, ती तळापासून तीन सेंटिमीटरच्या आसपास होती. सूत्राने तोंडाशी 27 मिमी येतात. अंगणाच्या बाजूलाही काही सांडले नाही.

एक काम मात्र राहिले आहे. तिन्ही पाइप जमिनीलगत एकत्र करून जलपुनर्भरणाच्या फिल्टरकडे नेले आहेत आणि फिल्टरमध्ये जाणारा आडवा पाइप 75 मिमीचाच आहे. आडव्या पाइपात पाणी कोसळत नसल्याने तो 3.2 लिटर कमी उतारावर घेऊ शकत नाही. पाणी उभ्या पाइपांत चढून पुन्हा पन्हळीपर्यंत येण्यापूर्वी ते बाहेर पडावे, यासाठी फिल्टरच्या अलीकडे जमिनीपासून फूटभर उंचीवर 110 मिमीचा मोकळा फाटा काढून तो अंगणात सोडण्यास त्यांना सांगितले आहे.